मेमरी कार्डात टाकलेले आणि क्लाउडवर गेलेले फोटो गॅलरीत दिसत नाहीत, ते कुठं शोधायचे?

प्रश्न : मे महिन्यात परभणीला बहिणीचं लग्न झालं. मोबाईल फुल झाला म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाहुण्यांनी पाठवलेले लग्नाचे फोटो मेमरी कार्डात ‘लग्न’ नावाचा फोल्डर करून मूव्ह केले. माझ्या कॅमेऱ्यातले फोटो फोनमध्येच होते, पण गुगल फोटोजनं विचारलं म्हणून Free up space दाबलं. आता गॅलरीत मे महिना जवळजवळ रिकामा दिसतोय. फोटो गेले का? परत मिळतील का?

उत्तर :

आधी हात थांबवा. कार्ड फॉरमॅट करू नका, कार्डावर नवीन काही टाकू नका आणि प्ले स्टोअरवरचं कुठलंही ‘रिकव्हरी’ अ‍ॅप घेऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून बहुतेक फोटो शाबूत असावेत, फक्त ते आता दोन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

गॅलरी अ‍ॅपमध्ये फोटो साठवलेले नसतात. अँड्रॉइड फोनमधल्या आणि कार्डावरच्या फोटोंची एक यादी ठेवतं आणि गॅलरी ती यादी बघून फोटो दाखवते. सातबाऱ्यावर नोंद चुकली म्हणून शेत जागेवरून हलत नाही, तसंच हे आहे. फाइल एका जागेहून दुसरीकडे गेली की जुनी नोंद निघते आणि नवी लागते. ती लागलीच नाही किंवा चुकीच्या तारखेला लागली, तर फोटो असूनही गॅलरी रिकामी दिसते.

कॅमेऱ्यातल्या फोटोंपासून सुरुवात करू, कारण ते सोपं आहे. Free up space दाबल्यावर गुगल फोटोज फक्त तेच फोटो फोनमधून काढतं, ज्यांची प्रत गुगलच्या खात्यावर पोचली आहे. म्हणजे ते फोटो आता इंटरनेटवर आहेत आणि फोनच्या स्वतःच्या गॅलरीला ते दिसत नाहीत. ते बघायला गुगल फोटोज अ‍ॅपच उघडावं लागतं किंवा ब्राउझरमध्ये photos.google.com. तिथं मे महिन्यापर्यंत खाली सरका.

तिथंही फोटो नसतील तर वर उजवीकडचं गोल चिन्ह दाबून कोणता ईमेल आहे ते बघा. आपल्याकडं फोन घेताना दुकानदारच एक खातं काढून देतो, मग पुढं कधीतरी मुलं दुसरं टाकतात, आणि बॅकअप नेमका पहिल्या खात्यावर चालू असतो. फोनमधलं प्रत्येक खातं निवडून मे महिना बघा. Free up space नंतर फोटो ‘हरवण्याचं’ हे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण आहे.

फोटो सापडला की तो उघडून बोटानं वर सरकवा. खाली माहिती येते. फाइलचा पत्ता `/storage/emulated/0/DCIM/Camera/` असा दिसला तर फोटो फोनमध्येही आहे. पत्ता नाही आणि नुसतं बॅकअप झाल्याचं लिहिलंय, तर तो फक्त क्लाउडवर आहे. तसा फोटो परत फोनमध्ये हवा असेल तर तीन टिंबांच्या मेनूतून डाउनलोड करा. शेकड्यानं फोटो हवे असतील तर एकेक करत बसू नका. कॉम्प्युटरवर takeout.google.com उघडून फक्त गुगल फोटोज निवडा, सगळं झिप फाइलींमध्ये मिळतं.

इथं दोन गोष्टींची काळजी घ्या. एक म्हणजे, जे फोटो आता फक्त क्लाउडवर आहेत ते गुगल फोटोजमधून ‘डबल दिसतात’ म्हणून पुसू नका. फोनमधली प्रत आधीच गेली आहे, त्यामुळं पुसलं तर शेवटची प्रत जाईल. पुसलंच असेल तर त्याच अ‍ॅपच्या ट्रॅशमध्ये बघा. बॅकअप झालेले फोटो तिथं 60 दिवस राहतात, बॅकअप न झालेले 30 दिवस. दुसरी गोष्ट फोटोच्या दर्जाची. बॅकअप ‘स्टोरेज सेव्हर’वर असेल तर 16 मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान करून ठेवलेले असतात. मोबाईलवर बघायला फरक कळत नाही, पण मोठा अल्बम छापायचा असेल तर मूळ फाइल आता नाही हे लक्षात असू द्या.

काही कॅमेरा फोटो क्लाउडवर नसतील, तर ते Free up space नं पुसलेले नसणार. बॅकअप फक्त वाय-फायवर चालण्याची सेटिंग असेल आणि गावात वाय-फाय नसेल, तर तो आठवडेच्या आठवडे अर्ध्यावर लटकलेला राहतो. ते फोटो फोनच्या DCIM फोल्डरातच असतील.

आता व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो. हे क्लाउडवर असतीलच असं धरू नका. गुगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप घेतं, बाकीचे फोल्डर आपण निवडून चालू करावे लागतात. त्यामुळं पाहुण्यांच्या फोटोंची बहुधा एकच प्रत आहे आणि ती कार्डात आहे. म्हणून कार्ड जपून हाताळा.

गॅलरी बाजूला ठेवा आणि फाइल मॅनेजर उघडा. गुगलचं Files अ‍ॅप चालेल. त्यात SD कार्ड निवडून ‘लग्न’ फोल्डरात जा. कार्डच दिसत नसेल तर फोन बंद करून ते काढून परत नीट बसवा. फोल्डर उघडल्यावर पुढं काय करायचं ते तिथं काय दिसतं त्यावर ठरेल.

फोटो आहेत आणि टिचकी मारल्यावर नीट उघडतात, पण गॅलरीत मे महिन्यात नाहीत, अशी स्थिती असेल तर घोटाळा तारखेचा आहे. कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोच्या आत काढल्याची तारीख लिहिलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या फाइलमधून ती निघून गेलेली असते. मग गॅलरी फाइल बदलल्याची तारीख धरते, आणि बरेच फाइल मॅनेजर कार्डात मूव्ह करताना ती तारीख त्या दिवसाची करून टाकतात. म्हणजे समजा, 18 मेला आलेला फोटो तुम्ही 2 ऑगस्टला कार्डात टाकला, तर तो गॅलरीत 2 ऑगस्टला दिसेल. मे रिकामा आणि ज्या दिवशी फोटो हलवले त्या दिवशी एकदम ढीग, ही याची खूण. खरी तारीख फाइलच्या नावात असते : `IMG-20250518-WA0034.jpg` म्हणजे 2025 सालच्या 18 मेला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो. फाइल मॅनेजरच्या शोधात नुसतं `IMG-20250518` टाकलं की त्या दिवशीचे सगळे पुढं येतात. अशा फोटोंचं काही बिघडलेलं नाही.

फोटो फाइल मॅनेजरमध्ये उघडतात पण गॅलरीत कुठल्याच तारखेला नाहीत, असं असेल तर `.nomedia` शोधा. Files च्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइली दाखवा असा पर्याय आहे, तो चालू करून ‘लग्न’ फोल्डर परत बघा. ही एक रिकामी फाइल असते, आणि ती ज्या फोल्डरात असेल तो अँड्रॉइड यादीत घेतच नाही. व्हॉट्सअ‍ॅप आपण पाठवलेल्या फोटोंच्या Sent फोल्डरात ती मुद्दाम ठेवतं. Sent मधलं सगळं उचलून ‘लग्न’मध्ये टाकलं तर ती फाइलही सोबत येते आणि त्या फोल्डरातले बाकीचे चांगले फोटोही झाकते. कार्डावरच्या ‘लग्न’मधली `.nomedia` पुसा आणि फोन बंद करून चालू करा. यादी नव्यानं बनायला थोडा वेळ लागतो. फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरांतल्या `.nomedia` ला मात्र हात लावू नका, नाहीतर नको ते सगळं गॅलरीत गोळा होईल.

व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमध्ये ते फोटो आता धूसर दिसतील आणि फाइल सापडत नाही असं येईल. चॅटला फाइल जुन्या जागीच लागते, त्यामुळं तेवढ्यावरून फोटो गेला असं समजू नका.

खरी काळजी करायची ती पुढच्या स्थितीत. फाइलींची नावं दिसतात, पण फोटो उघडत नाहीत, राखाडी येतात किंवा अर्धा फोटो आणि खाली पट्टे. अशा एका फाइलची माहिती काढून आकार बघा. 0 बाइट असेल तर मूव्ह मध्येच तुटलं, आणि त्या फाइलींची मूळ प्रत फोनच्या `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images` मध्ये राहिली आहे का ते आधी बघा. ज्यांनी फोटो पाठवले त्यांच्याकडंही ते असतीलच, त्यांना परत पाठवायला सांगणं हा कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा भरवशाचा उपाय आहे.

आकार मात्र बरोबर, दोन-तीनशे केबी, आणि तरी उघडत नाही, त्यातही आधी टाकलेले चांगले आणि नंतरचे सगळे खराब, असं असेल तर कार्ड नकली असण्याची दाट शक्यता आहे. वर 128 जीबी छापलेलं असतं, आत चिप 16 जीबीची. कार्ड फोनला खोटी क्षमता सांगतं. चिप भरली की पुढचा डेटा एकतर वाऱ्यावर जातो किंवा आधीच्यावरच लिहिला जातो. फोन बिचारा नाव आणि आकार नोंदवून मोकळा होतो. जे कधी लिहिलंच गेलं नाही ते कुणालाच परत काढता येणार नाही, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

कार्ड अस्सल असून खराब झालं असेल तर मात्र आशा आहे. कार्ड रीडरनं कॉम्प्युटरला लावा, उघडतात तेवढे फोटो आधी कॉपी करा, आणि मग PhotoRec हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. त्यानं काढलेले फोटो कॉम्प्युटरवरच साठवा, त्याच कार्डावर कधीच नाही. फाइलींची मूळ नावं जातात, `f0123456.jpg` असं काहीतरी मिळतं, त्यामुळं व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंची तारीखही जाते. फोनमधल्या ‘रिकव्हरी’ अ‍ॅपला मी सुरुवातीला नाही म्हटलं ते यासाठी, की आताच्या फोनची आतली मेमरी एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद असते आणि अशी अ‍ॅप बहुतेक वेळा नखाएवढ्या थंबनेल प्रतीच ‘सापडले’ म्हणून दाखवतात.

कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून बघणार असाल आणि तो फोन फॉरमॅट करायला सांगत असेल, तर नाही म्हणा. कार्ड लावताना तुमच्या फोनमध्ये ते ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून जोडलं गेलं असेल तर तेही एन्क्रिप्ट होतं आणि फक्त त्याच फोनमध्ये वाचता येतं, कारण त्याची किल्ली त्या फोनमध्ये आहे. तो फोन रीसेट केला की किल्ली जाते आणि कार्डही कायमचं बंद. तेव्हा सगळे फोटो बाहेर काढेपर्यंत फोन रीसेट करू नका.

फोटो कॉम्प्युटरवर सुरक्षित आले की कार्ड पूर्ण रिकामं करून तपासा. त्यासाठी विंडोजवर H2testw आणि लिनक्सवर F3 हे सॉफ्टवेअर आहे. F3 साठी या आज्ञा द्या :

```
f3write /media/card
f3read /media/card
```

`/media/card` च्या जागी तुमच्या कार्डाचा पत्ता टाका. हे कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतं, त्यामुळं मोठ्या कार्डाला काही तास लागू शकतात. शेवटी `Data LOST` समोर शून्य सोडून काहीही आलं तर ते कार्ड फोटोंसाठी परत वापरू नका, आणि बिल असेल तर दुकानदाराला तो निकाल दाखवून बदलून मागा.