ट्रिपल ए आणि सिंगल ए रोख्यांच्या व्याजात 3 टक्क्यांचा फरक का असतो?

प्रश्न: देवगडला आमची हापूसची बाग आहे. हंगामाचे 4 लाख रुपये हातात आहेत. एका ॲपवर ट्रिपल ए कंपनीचा बाँड 7.5 टक्क्यांनी आणि सिंगल ए कंपनीचा 10.5 टक्क्यांनी दिसतो. दोन्ही ‘गुंतवणूकयोग्य श्रेणी’त आहेत म्हणे. मग कमी व्याज कुणी का घ्यावे?

उत्तर:

नमस्कार. ट्रिपल ए, सिंगल ए ही मानांकने म्हणजे कंपनी कर्ज वेळेवर फेडील की नाही याबद्दल मानांकन संस्थांनी दिलेल्या श्रेणी, आणि ट्रिपल ए ही सर्वांत वरची. त्या 3 टक्क्यांत तीन गोष्टींची किंमत धरलेली असते. कंपनी पैसे थकवील ही शक्यता, थकवल्यास मुद्दलापैकी किती बुडेल हा अंदाज, आणि मुदतीआधी विकायला गेल्यास गिऱ्हाईक न मिळण्याची अडचण. मुंबईत असताना मी कंपन्यांच्या रोख्यांच्या पतविश्लेषणाचे काम करत असे आणि आता रत्नागिरीत असतो. इथले बागायतदार, बोटमालक आणि निवृत्त शिक्षक हाच प्रश्न विचारतात, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो.

मुदत एक वर्षाची धरू आणि आकडे आपलेच घेऊ. समजा, एखाद्याने 100 वेगवेगळ्या सिंगल ए कंपन्यांत प्रत्येकी 1 लाख रुपये गुंतवले. सगळ्यांनी पैसे दिले तर व्याज 10.5 लाख मिळेल. हीच रक्कम ट्रिपल ए रोख्यांत असती तर 7.5 लाख मिळाले असते, म्हणजे वरकड 3 लाख रुपये आहेत. आता त्यांतल्या एका कंपनीने पैसे थकवले आणि वसुलीतून 1 लाखामागे 30 हजारच हाती आले, असे धरू. (हा 30 हजारांचा आकडा माझे गृहीतक आहे. तारण चांगले असेल तर अधिक मिळेल, तारण नसेल तर याहूनही कमी.) येणे होते 1,10,500 आणि आले 30,000, म्हणजे एका कंपनीमागे 80,500 रुपयांची तूट आली. अशा तीन कंपन्या बुडाल्या तर तूट 2,41,500 होते आणि तरीही ट्रिपल ए घेणाऱ्यापेक्षा 58,500 रुपये जास्त राहतात. चौथी बुडाली की मात्र तूट 3,22,000 होते आणि गुंतवणूकदार ट्रिपल ए वाल्याच्या मागे पडतो. थोडक्यात, या गृहीतकावर 3 टक्क्यांचा फरक वर्षाला 100 पैकी तीन कंपन्यांचे बुडणे सोसू शकतो, चारांचे नाही.

मानांकन संस्था आपल्याच मानांकनांचा पूर्वेतिहास दर वर्षी प्रसिद्ध करतात. एखाद्या श्रेणीतल्या किती टक्के कंपन्यांनी एक, दोन आणि तीन वर्षांत पैसे थकवले, हे त्यात असते. तो तक्ता पाहिलात तर सिंगल ए मधले थकण्याचे प्रमाण वर्षाला 100 पैकी तीन-चारांपेक्षा बरेच कमी दिसेल. त्यावरून हा सौदा स्वस्तात पडतो आहे असे कुणालाही वाटेल, आणि ज्या संस्था शेकडो रोखे बाळगतात त्यांच्यासाठी ते काही अंशी खरेही आहे. आपल्यासाठी ते खरे का नाही, याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की वरचा हिशेब 100 कंपन्यांचा आहे आणि आपण एक किंवा दोन घेणार आहात. ज्याच्या बागेत 100 कलमे आहेत त्याची तीन-चार कलमे करपली तरी हंगाम निघतो, पण ज्याचे एकच कलम आहे त्याला सरासरीचा काही उपयोग नसतो. एकाच सिंगल ए रोख्यात 1 लाख ठेवल्यास वर्षाला 3,000 रुपये जादा मिळतील. तो रोखा बुडाला, तर ट्रिपल ए मधून मिळाले असते त्या 1,07,500 च्या जागी 30,000 हाती येतील, म्हणजे 77,500 चा फटका. 3,000 च्या हिशेबाने तो भरून यायला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागेल. शिवाय कंपन्या एकेकट्या बुडत नाहीत. सप्टेंबर 2018 मध्ये पायाभूत प्रकल्पांना वित्तपुरवठा करणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवल्यावर गृहकर्ज आणि वित्तपुरवठा करणाऱ्या कंपन्यांना बाजारातून नवे कर्ज मिळणे अवघड झाले, आणि जुने कर्ज नव्या कर्जाने फेडणाऱ्या कंपन्या एकाच वेळी अडचणीत आल्या. चार सिंगल ए रोखे घेतले आणि चारही वित्तपुरवठा कंपन्यांचेच असले, तर जोखीम विभागली गेली असे म्हणता येत नाही. ॲपवर जादा व्याजाचे जे रोखे दिसतात त्यांत अशा कंपन्यांची संख्या फार मोठी असते, हे यादी चाळताना आपल्याच लक्षात येईल.

दुसरे कारण विक्रीचे आहे आणि माझ्या मते त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मानांकन फक्त एवढेच सांगते की ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम मिळण्याची शक्यता किती. मधल्या काळात रोख्याला काय भाव येईल, याबद्दल ते काही सांगत नाही. समजा, आपण 10.5 टक्क्यांचा रोखा घेतला, त्याची तीन वर्षे बाकी आहेत, आणि कंपनीचे मानांकन उतरल्यामुळे बाजार आता त्याच कंपनीकडून 13.5 टक्के मागतो आहे. कंपनीने एकही हप्ता चुकवलेला नसताना आपल्या 1 लाखाच्या रोख्याची किंमत 93 हजारांच्या आसपास येते. हा झाला कागदावरचा भाव. त्या भावालाही घेणारा मिळेलच असे नाही, कारण रोख्यांची बहुतेक उलाढाल वरच्या दोन श्रेणींत होते आणि सिंगल ए साठी गिऱ्हाईक मोजकेच असते. एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंडाने कर्जरोख्यांच्या सहा योजना बंद केल्या, त्यांत सुमारे 25,000 कोटी रुपये अडकले. त्या योजनांत डबल ए आणि सिंगल ए रोखे मोठ्या प्रमाणावर होते. पुढे टप्प्याटप्प्याने गुंतवणूकदारांना त्या दिवशीच्या मूल्याइतके, किंबहुना त्याहून अधिक पैसे परत मिळाले. तरीही ज्यांना मधल्या काळात पैशांची गरज होती त्यांना हात बांधून बसावे लागले. बागेच्या पैशाला हे नेमके लागू पडते, कारण फवारणीची औषधे, मजुरी आणि पेट्यांची खरेदी यांची वेळ मोहोर ठरवतो.

‘गुंतवणूकयोग्य श्रेणी’ ही मर्यादा ट्रिपल बी उणेपर्यंत जाते, म्हणजे तिच्या आत ट्रिपल ए पासून मोजल्यास दहा पायऱ्या आहेत. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची पायरी यांना एकच विशेषण लागते, म्हणून त्या शब्दावर विसंबून राहू नये. याउलट ट्रिपल ए म्हणजे कायमची हमी, असेही समजू नये. दिवाण हाउसिंग म्हणजे डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे रोखे 2019 च्या आरंभी ट्रिपल ए होते. फेब्रुवारीत ते एक पायरी खाली आले, मग घसरत गेले आणि जूनमध्ये ‘डी’वर, म्हणजे थकबाकीदार श्रेणीत गेले. दिवाळखोरी प्रक्रियेतून सप्टेंबर 2021 मध्ये मार्ग निघाला तेव्हा धनकोंना एकूण मिळून दाव्यांच्या निम्म्यापेक्षा कमी रक्कम मिळाली, आणि तीही काही रोख, काही नव्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांच्या रूपाने. मानांकनाची फी रोखे काढणारी कंपनीच भरते, हेही लक्षात असू द्यावे. माझा अनुभव असा की मानांकनाचे अक्षर बहुतेक वेळा उशिरा हलते, आणि धोक्याची खूण त्याआधी त्यामागच्या टिपणात दिसते.

ते टिपण मानांकन संस्थेच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोधल्यास फुकट मिळते. ते चार-पाच पानांचे असते आणि मी त्यात आधी तीन जागा पाहतो. पहिली जागा ‘लिक्विडिटी’ या शीर्षकाखालची. तिथे कंपनीची रोख तरलता भक्कम, पुरेशी, ताणलेली की कमकुवत, असा शेरा असतो आणि पुढच्या वर्षात किती देणे आहे व हातात किती रोकड आहे याचे आकडे असतात. देणे 800 कोटी आणि रोकड 150 कोटी असेल, तर उरलेले कुठून येणार, हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचावे. ‘कर्ज पुन्हा मिळेल’ एवढाच आधार असेल तर मी तिथेच थांबतो. दुसरी जागा म्हणजे मानांकन कशामुळे खाली येईल याची यादी. त्यात थकीत कर्जाचे प्रमाण, भांडवलाची पातळी अशा मर्यादा लिहिलेल्या असतात. त्या मर्यादेच्या किती जवळ कंपनी आली आहे, हे तिमाही निकालावरून पडताळता येते. तिसरी जागा म्हणजे मानांकनाचा पुढचा कल. ‘स्थिर’ चा ‘नकारात्मक’ झाला असेल किंवा ‘कंपनी माहिती देत नाही’ असा शेरा असेल, तर व्याज कितीही मोहक असले तरी मी घेत नाही. याखेरीज त्या संस्थांच्या संकेतस्थळावर, कंपनीने न स्वीकारलेल्या मानांकनांचीही यादी असते. एका संस्थेने दिलेली खालची श्रेणी नाकारून कंपनीने दुसरीकडून वरची मिळवली आहे का, हे त्यावरून कळते.

आता आपल्या 4 लाखांबद्दल. पुढच्या हंगामासाठी लागणारी रक्कम कोणत्याच श्रेणीच्या रोख्यात ठेवू नये. ती बँकेत असावी, कारण तिथे एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे आणि रोख्यांना तसे कोणतेही संरक्षण नाही. उरलेल्यातून रोखे घ्यायचेच असतील तर मुख्य भाग ट्रिपल ए किंवा डबल ए मध्ये, आणि मुदत ज्या वर्षी पैसे लागणार त्याच्या आत संपणारी असावी. सिंगल ए ची हौस असेल, तर एका कंपनीत इतकीच रक्कम घालावी की ती पूर्ण बुडाली तरी वर्षभराचे सगळ्या ठेवी-रोख्यांचे मिळून येणारे व्याज तो खड्डा भरून काढील. आपल्या बाबतीत ती रक्कम 25 ते 30 हजारांच्या पुढे जात नाही. ॲपवर किमान रक्कम 1 लाख मागितली जात असेल, तर तो रोखा सोडून द्यावा. 10,000 रुपये दर्शनी मूल्याचे रोखेही आता निघतात, त्यांत पाहावे.

खरेदीपूर्वी रोख्याचा बारा अक्षरी आयएसआयएन क्रमांक ॲपवरून उतरवून घ्या आणि रोखे डीमॅट स्वरूपात सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीच्या संकेतस्थळावर तो टाकून श्रेणी, तारण आणि मुदत तपासा. मानांकन कंपनीच्या नावावर असते आणि विशिष्ट रोख्यावरही असते, आणि तारण नसलेल्या व इतर देणी फेडल्यावरच ज्याचा नंबर लागतो अशा दुय्यम रोख्याची श्रेणी त्याच कंपनीच्या तारणी रोख्यापेक्षा खाली असू शकते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत दिसणारे मानांकन नेमके आपण घेत असलेल्याच रोख्याचे आहे का, याची खात्री झाल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.