कच्चा माल महागला: भाव वाढवायचा, वजन घटवायचं की कृती बदलायची?

प्रश्न: बटर ३० टक्क्यांनी महागलं आहे. आमचं बटर कुकीचं २०० ग्रॅमचं पाकीट आहे. भाव वाढवू, वजन कमी करू की बटरऐवजी दुसरं काही वापरू? नेहमीची गिऱ्हाइकं तुटायला नकोत.

उत्तर:

आधी ही वाढ एका पाकिटामागे किती पडते ते काढा. ३० हा आकडा घाबरवतो, पण तो बटरचा आहे, पाकिटाचा नाही. पाकिटाची विक्री किंमत १०० धरू. त्यात कच्चा माल ४० चा, आणि त्या ४० पैकी बटर १६ चं. वेष्टन आणि प्रत्येक पाकिटामागे होणारा बाकीचा खर्च १५. म्हणजे ५५ गेले आणि ४५ हातात राहिले. बटर ३० टक्के वाढलं की १६ वर ४.८ वाढतात. तुमचा प्रश्न एवढ्या ४.८ चा आहे. तुमचे खरे आकडे वेगळे असतील, ते याच पद्धतीने मांडा.

आता वजन घटवण्याकडे बघा, कारण बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. ‘५ टक्के खर्च वाढला, ५ टक्के माल कमी भरू’ हे गणित बरोबर नाही. माल कमी भरला की फक्त मालाचाच खर्च वाचतो; वेष्टन, चिकटपट्टी, वाहतूक जवळपास तशीच राहते. कच्चा माल आता ४४.८ चा झाला आहे. त्यातून ४.८ वाचवायचे तर जवळजवळ ११ टक्के माल काढावा लागेल, म्हणजे २०० ग्रॅमचं पाकीट १७८ ग्रॅमवर येईल. १० ग्रॅमची एक कुकी धरली तर वीसच्या जागी अठरा कुकी, आणि तरीही थोडी तूट उरतेच. भाव वाढवून हेच काम ५ टक्क्यांत होतं. नेहमीचं गिऱ्हाईक पाकिटावरचं वजन वाचत नसेल, पण घरात वाटताना कुकी मोजतं. शिवाय जुन्याच ट्रेमध्ये अठरा कुकी ठेवल्या तर त्या हलतात आणि तुटतात, म्हणजे वाचवलेलं फुटाफुटीत जातं. म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या पाकिटाला मी शेवटपर्यंत हात लावणार नाही. लावावाच लागला तर ट्रे बदला आणि नवं वजन समोरच्या बाजूला ठळक छापा. फ्रान्समध्ये तर १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना भाव तोच ठेवून घटवलेल्या वजनाची पाटी लावणं बंधनकारक आहे. गिऱ्हाइकाला महागाई समजते, लपवाछपवी खटकते.

कृती बदलताना सगळ्यात जास्त सांभाळायला हवं. साध्या बटरमध्ये साधारण ८० ते ८२ टक्के स्निग्धांश असतो आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी. बेकिंगच्या शॉर्टनिंगमध्ये जवळजवळ सगळाच स्निग्धांश. त्यामुळे १०० ग्रॅम बटर काढून १०० ग्रॅम शॉर्टनिंग घातलं की पीठ तेलकट होतं आणि कुकी भुसभुशीत होऊन हातात चुरते. १०० ग्रॅम बटरऐवजी साधारण ८० ग्रॅम शॉर्टनिंग आणि १६ ग्रॅम पाणी घ्यावं लागतं, वर चवीसाठी थोडी दूध पावडर. एवढं करूनही फरक राहतो. बटर तोंडाच्या उष्णतेला वितळतं; शॉर्टनिंग सहसा त्याहून जास्त उष्णतेला वितळतं, म्हणून टाळूला मेणासारखा थर जाणवतो. भट्टीतही ते उशिरा वितळतं, कुकी कमी पसरते आणि जाड होते. मग तीच संख्या जुन्या ट्रेमध्ये नीट बसत नाही.

तरी करायचंच असेल तर एकूण बटरच्या पाचव्या हिश्शापुढे जाऊ नका, आणि चाचणी अशी घ्या: तीन कुकी द्या, दोन एका प्रकारच्या, एक वेगळ्या. वेगळी कोणती ते ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर सांगतो. २४ जणांपैकी ८ च्या आसपास बरोबर आले तर फरक जाणवत नाही असं समजायला जागा आहे. १३ किंवा जास्त आले तर फरक खरोखर कळतो आहे. चाखणारे नेहमीचे गिऱ्हाईकच हवेत, कारण नवख्याला जुनी चव माहीतच नसते. एक चाचणी ताज्या मालावर आणि एक दुकानात माल जितके दिवस पडून राहतो तितके दिवस ठेवून घ्या. शिळा वास उशिराच कळतो.

तुलना नेहमी मूळ कृतीशी करा, मागच्या बदललेल्या कृतीशी नाही. दर वेळी ‘आधीच्यासारखंच आहे’ म्हणत चार वेळा बदल केला की चौथी कुकी पहिलीसारखी राहत नाही, आणि नेमकं कधी बिघडलं ते कोणालाच सांगता येत नाही. पाकिटावर ‘शुद्ध बटर’ छापलेलं असेल तर हा मार्ग बंदच समजा. नसेल तरी घटकांची यादी बदलावी लागते, आणि सोयाबीनसारखा ॲलर्जीचा घटक नव्याने येत नाही ना ते तपासा.

मग ४.८ आणायचे कुठून? आधी स्वतःच्या तराजूतून. तयार ३० पाकिटं घेऊन आतला माल तोला. २०० छापलेलं असताना सरासरी २०६ भरणं हे अगदी नेहमीचं असतं, कारण हाताने गोळे पाडले की भाजलेली कुकी १०.३ ग्रॅमची होते. हे ६ ग्रॅम गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नाहीत. साचा किंवा चमचा बदलून सरासरी २०२ वर आणली तर सुमारे ०.९ वाचतात. २०० च्या खाली पाकीट जाऊ नये म्हणून ते २ ग्रॅम ठेवायचे.

दुसरा भाग पुरवठादाराकडून. नुसतं ‘भाव कमी करा’ म्हटलं तर उत्तर नाहीच येणार. त्याला काय देता येईल ते घेऊन जा: तीन महिन्यांचं ठरलेलं प्रमाण, पंधरवड्यातून एकदाच पूर्ण पेट्यांची उचल, ३० दिवसांऐवजी ७ दिवसांत पैसे. यावर ३० ची वाढ २४ वर आली तर जवळजवळ १ वाचतो. उधारी सोडताना तेवढी रोकड हातात आहे का ते आधी बघा. बाजार उतरला तर आपलाही दर उतरेल हे कलम लेखी घ्या, नाहीतर तीन महिने चढ्या भावात अडकाल.

उरतात साधारण ३. तेवढा भाव वाढवा. १०३ च्या विक्रीवर आता ४५.१ हातात राहतात, न वाढवता ४२.१ राहिले असते. म्हणजे भाव वाढवल्यावर १०० पैकी ६ पाकिटांचा खप गेला तरी तुम्ही न वाढवण्यापेक्षा किंचित वरच असता.

नेहमीच्यांना दोन आठवडे आधी दोन वाक्यांत सांगा: बटर महागलं, अमुक तारखेपासून हा भाव, वजन आणि कृती तीच. जुन्या भावात त्यांच्या नेहमीच्या एका खेपेएवढाच माल द्या. जास्त दिलात तर लोक साठा करतील, पुढचा महिना खप पडलेला दिसेल आणि गिऱ्हाईक तुटलं असं वाटून तुम्ही घाईने भाव खाली आणाल.

नंतर एकूण विक्रीवर जाऊ नका. नेहमीच्या तीस-चाळीस गिऱ्हाइकांची यादी काढा आणि कोण किती दिवसांनी घेतं ते लिहा. चौदा दिवसांनी येणारा, साठवलेली खेप संपून पुढचे २८ दिवस आला नाही, तर त्याला विचारा. आणि तोवर कृती, वजन यातलं काहीच बदलू नका. दोन बदल एकदम केलेत तर तो कशामुळे गेला हे कळणार नाही.