स्पर्धक कंपनीच्या रिक्रूटरला काय उत्तर द्यावं?

प्रश्न: रिक्रूटरचा मेसेज आलाय, पण जागा आमच्या थेट स्पर्धक कंपनीत आहे. माझ्या ऑफर लेटरमध्ये ‘सोडल्यावर एक वर्ष स्पर्धकाकडे जाणार नाही’ असं कलम आहे. काय लिहू?

उत्तर: बिनधास्त बोला, फक्त ऑफिसच्या मेलवरून किंवा लॅपटॉपवरून नको.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी न्यायालयात सहसा टिकत नाही. नोकरीत असताना मात्र स्पर्धकाचं काम करता येत नाही, आणि गोपनीयतेचं बंधन राजीनाम्यानंतरही राहतं. खरा धोका तिथेच आहे.

लोक चुकतात ते सीव्हीत. ‘अमुक ग्राहकाचं ४ कोटींचं कंत्राट १२ टक्के सवलतीत मिळवलं’ या एका ओळीत ग्राहक, रक्कम आणि दर तिन्ही स्पर्धकाच्या हाती जातात. त्याऐवजी ‘वाहन उद्योगातील मोठ्या ग्राहकांची विक्री सांभाळली’ एवढं पुरे.

पहिलं उत्तर असं पाठवा:

“नमस्कार, माहितीबद्दल धन्यवाद. ही कंपनी आमची थेट स्पर्धक आहे, त्यामुळे सध्याच्या कंपनीचे ग्राहक, दर किंवा योजना यांवर मी बोलू शकणार नाही. माझ्या अनुभवावर जरूर बोलू. जॉब डिस्क्रिप्शन पाठवाल का? माझ्या संमतीशिवाय सीव्ही पुढे देऊ नका.”

शेवटचं वाक्य गाळू नका. एकाच क्षेत्रातले लोक एकमेकांना ओळखतात, बातमी तुमच्या मॅनेजरपर्यंत सहज पोचते.

मुलाखतीत तुमच्या कामापेक्षा कंपनीच्या किमतींचीच चौकशी जास्त होऊ लागली, तर त्यांना माणूस नव्हे, माहिती हवी आहे. तिथेच थांबा. आणि ऑफर आली तर सही करण्याआधी ते कलम कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा.