कूलरची घरघर जाते, हॉर्न का नाही?

अरे, तुझा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन बिघडलेला नाही. इंदूरच्या उन्हाळ्यात खोलीतल्या कूलरची घरघर तो गिळतो आणि राजवाड्याच्या गर्दीतले हॉर्न मात्र ऐकू येतात, हे अपेक्षितच आहे.

आतला माइक बाहेरचा आवाज टिपतो, सर्किट त्याची उलटी लहर बनवतं आणि स्पीकर ती कानात सोडतो. हवेचा दाब वाढतो तिथे ती तो कमी करते, कमी होतो तिथे वाढवते. दोन्ही मिळून जवळपास शून्य. पण या कामात थोडा उशीर होतोच. समज, सेकंदाचा दहा हजारावा भाग. १०० हर्ट्झची घरघर एका फेरीला १० मिलिसेकंद घेते, तिथे एवढ्याने काही बिघडत नाही. जेमतेम ६ टक्के उरते. हॉर्नमधल्या ४००० हर्ट्झच्या कर्कश सुराची फेरी मात्र पाव मिलिसेकंदात संपते. तिथे उलटी लहर इतकी चुकते, की आवाज उलट वाढेल. म्हणून सर्किट त्या पट्टीत हातच घालत नाही, ते काम कानाभोवतीच्या गादीवर सोडतं.

शिवाय घरघर एकसारखी असते, पुढचा अंदाज बांधता येतो. हॉर्न अचानक वाजतो.

आणि चष्मा लावत असशील, तर तो काढून बघ. घरघर आणखी कमी झाली, तर काडीमुळे गादीला फट राहत होती.