पुस्तक-परीक्षणाचा व्हिडिओ : किती सांगावे, किती वाचावे, किती दाखवावे

प्रश्न : "मराठी पुस्तकांच्या परीक्षणाचे यूट्यूब चॅनल सुरू केले आहे. प्रेक्षक दोन-तीन मिनिटांत निघून जातात. एकाने ‘शेवट फोडलात’ अशी तक्रार केली. शिवाय मुखपृष्ठ दाखवले, उतारा वाचला तर प्रकाशक हरकत घेतील का, ही धास्ती आहेच. काय करावे?"

या तिन्ही अडचणींचे मूळ बहुधा एकच असते. व्हिडिओत कथानक फार सांगितलेले असते आणि त्यावरचे मत फार थोडे असते. कथानक क्रमाने सांगू लागले की वेग मंदावतो आणि शेवटाकडे आपोआप ओढले जाणे होते. कायद्याच्या दृष्टीनेही ती जागा निसरडी आहे, कारण भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीचा संक्षेप हा ‘रूपांतरा’त मोडतो आणि रूपांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो. प्रकरणामागून प्रकरण सांगत शेवटपर्यंत जाणारा व्हिडिओ परीक्षणापेक्षा अशा संक्षेपाच्या जवळ जातो.

समजा, २४० पानांच्या एका रहस्यकादंबरीवर दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. सावकाश, स्पष्ट बोलल्यास मिनिटाला साधारण ११० ते १२० मराठी शब्द होतात, म्हणजे हाती अकराशे-बाराशे शब्द आहेत. त्यांपैकी कथानकाला अडीचशेहून अधिक देऊ नयेत. लेखकाचा परिचय, प्रकाशनसंस्था, पृष्ठसंख्या आणि किंमत यांनी सुरुवात करू नये. तो तपशील व्हिडिओखालच्या वर्णनात द्यावा किंवा मध्ये कोठेतरी एका वाक्यात सांगावा. पहिल्या अर्ध्या मिनिटात पुस्तकाविषयीचे आपले म्हणणे किंवा पुस्तकाने आपल्यापुढे उभा केलेला प्रश्न यावा. नेमके कोठे चुकते ते यूट्यूब स्टुडिओतील प्रेक्षक-टिकावाचा आलेख दाखवतो. रेषा पहिल्या अर्ध्या मिनिटातच कोसळत असेल तर प्रस्तावना लांबली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटापासून ती सतत घसरत असेल तर तेथे कथानक सुरू झाले आहे. ती मध्येच वर उचललेली दिसली तर लोकांनी तो भाग मागे जाऊन पुन्हा ऐकला आहे, आणि पुढच्या व्हिडिओत तसा मजकूर वाढवावा.

उतारा पाच-सहा ओळींचा, अर्ध्या मिनिटात वाचून होणारा निवडावा आणि त्यावर दीड-दोन मिनिटे बोलावे. आपल्या कादंबरीत सुरुवातीलाच पोलीस पाटलाची जबानी आहे असे धरू. त्याचे प्रत्येक वाक्य अर्धवट तुटते, आणि लेखक मध्ये एकदाही ‘तो घाबरून म्हणाला’ असे घालत नाही; भीती केवळ वाक्यरचनेतून पोचते. हे दाखवायला त्या पाच ओळी वाचाव्याच लागतात, आणि उताऱ्याच्या निवडीची खरी कसोटी हीच आहे. जो उतारा काढून टाकला तरी आपले भाष्य तसेच्या तसे उभे राहते, तो वाचू नये.

कायदाही याच दिशेने पाहतो. कलम ५२ मध्ये टीका किंवा परीक्षण यांसाठी केलेल्या उचित वापराला मुभा आहे. किती शब्द किंवा किती टक्के चालतील याचा आकडा तेथे दिलेला नाही, त्यामुळे ‘दहा टक्के चालतात’ यासारख्या समजुतींवर विसंबू नये. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन प्रकरणात तीन गोष्टी पाहिल्या : भाष्याच्या मानाने घेतलेला मजकूर किती आणि किती मोलाचा आहे, तो कशासाठी घेतला, आणि त्यामुळे मूळ कृतीशी स्पर्धा होण्याची शक्यता आहे का. ‘सर्व हक्क राखीव’ या छापील ओळीने ही मुभा नाहीशी होत नाही. त्याचप्रमाणे, ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ असे वर्णनात लिहिल्याने कोणतेही संरक्षण मिळत नाही. कवितेबाबत अधिक जपावे, कारण बारा ओळींची कविता वाचली की ती कृती संपूर्णच वाचली जाते. तेथे दोन-तीन ओळींवर थांबावे किंवा लेखी परवानगी घ्यावी.

जुन्या पुस्तकांचा हिशेब निराळा आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे हक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले मूळ लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. मात्र त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, चित्रे आणि मुखपृष्ठ यांचे हक्क वेगळे असतात, आणि अनुवादित पुस्तकात अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो.

मुखपृष्ठ ही चित्रकाराची कलाकृती आहे, हे आपण सहज विसरतो. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या मुखपृष्ठांवरील हक्क २०३१ अखेरपर्यंत आहेत, आतला मजकूर खुला झाला असला तरी. तरीही ज्या पुस्तकाचे परीक्षण चालू आहे त्याची प्रत हातात धरून, शीर्षक आणि लेखकाच्या नावासह पूर्ण मुखपृष्ठ दाखवणे मला परीक्षणाचाच स्वाभाविक भाग वाटते. मुखपृष्ठकाराचे नाव सहसा आतल्या श्रेयपानावर असते. ते आवर्जून घ्यावे. तेच चित्र कापून चॅनलच्या बॅनरवर किंवा प्रत्येक व्हिडिओच्या पार्श्वभूमीवर लावले, की परीक्षणाचा आधार उरत नाही. मलपृष्ठावरील लेखकाच्या छायाचित्राचा हक्कही वेगळा असतो.

पाने कॅमेऱ्यासमोर फडफडवणेही टाळावे. चित्रण स्पष्ट असेल तर प्रेक्षक ते थांबवून पाने वाचू शकतो; शिवाय शेवटचे पान किंवा अनुक्रमणिकेतील प्रकरणांची नावेच पुष्कळदा रहस्य सांगून टाकतात.

रहस्य जपण्यासाठी मी मलपृष्ठावरील मजकूर आणि पुस्तकाचा पहिला चौथा भाग ही हद्द मानतो, म्हणजे येथे सुमारे ६० पाने. मलपृष्ठानेच जास्त सांगितले असेल तर तेही गाळावे. कथासंग्रहात ही हद्द आणखी आवळावी लागते. शेवटाची चर्चा करायचीच असेल तर ती स्वतंत्र भागात, व्हिडिओच्या शेवटी ठेवावी, आधी तोंडी सूचना देऊन दोन-चार सेकंद थांबावे, आणि वर्णनात विभाग करावेत :

```
00:00 पुस्तकाने उभा केलेला प्रश्न
01:10 कथानकाची सुरुवात
03:00 उतारा आणि भाषा
06:30 पुस्तक कोणी वाचावे
08:00 शेवटाची चर्चा (पुस्तक वाचलेल्यांसाठी)
```

पहिली वेळ 00:00 असावी लागते, किमान तीन विभाग लागतात आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचा हवा. ‘शेवटी मोठा धक्का आहे’ हे वाक्यही उच्चारू नये, कारण ते ऐकलेला वाचक पहिल्या पानापासून त्या धक्क्याचीच वाट पाहतो. शीर्षक आणि थंबनेल यांनाही हाच नियम लागू होतो. मोबाइलवर व्हिडिओखाली एखादी प्रतिक्रिया न उघडताच दिसते, म्हणून आपली सूचना तेथे पिन करून ठेवावी आणि शेवट फोडणाऱ्या प्रतिक्रिया काढाव्यात.

पार्श्वसंगीताबाबत मात्र पूर्ण सावध राहावे. यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ध्वनी आणि चित्र जुळवते. आपल्या आवाजात वाचलेल्या पाच ओळी ती सहसा ओळखत नाही, पण मागे लावलेले गाणे लगेच ओळखते आणि त्याच्या हक्कधारकाच्या वतीने व्हिडिओवर दावा लावते. अशा दाव्याने बहुधा त्या व्हिडिओचे उत्पन्न दुसरीकडे वळते किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसेनासा होतो. हक्कधारकाने रीतसर अर्ज करून व्हिडिओ काढायला लावला, तर मात्र स्ट्राइक मिळतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक आल्यास चॅनल बंद होऊ शकते. अशी तक्रार आल्यास आधी प्रकाशकाला शांतपणे ईमेल लिहावा : कोणते पुस्तक, कोणत्या पानावरील किती ओळी, व्हिडिओत कोठून कोठपर्यंत, आणि त्यावर आपण किती वेळ भाष्य केले आहे. तक्रारदाराने स्वतःहून तक्रार मागे घेतली तर स्ट्राइक निघतो. काढलेला व्हिडिओ परत लावावा यासाठी यूट्यूबला प्रतिसूचना पाठवण्याचा मार्गही आहे, परंतु तीत आपले खरे नाव आणि पत्ता तक्रारदाराकडे जातो, आणि त्यानंतर न्यायालयीन कारवाई केल्याचा पुरावा देण्यासाठी त्याला कामकाजाचे दहा दिवस मिळतात. म्हणून उताऱ्याची पाने आणि वेळा यांची नोंद प्रत्येक व्हिडिओबरोबर जपून ठेवावी.