माफीच्या ईमेलमधून आधी गाड्यांची टंचाई काढा

प्रश्न: ग्राहकाचा माल उशिरा पोचतोय. माफीचा ईमेल लिहिलाय, पण वाचताना बहाणे सांगतोय असं वाटतं. तो मनापासून लिहिलेला वाटावा म्हणून काय बदलू? सोबत डिस्काउंट कूपन द्यावं का?

मी जळगाव एमआयडीसीत ठिबकचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅच बघते. डीलरना जाणारे ईमेल माझ्याच टेबलावरून जातात. या विषयावर आमच्या साहेबांशी माझा जुना वाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जूनमधली गोष्ट. केळीच्या मृग बागेच्या लागवडीचे दिवस होते. नांदेडकडच्या अर्धापूर भागातल्या एका डीलरने लॅटरलची, म्हणजे शेतात अंथरायच्या ठिबकच्या नळ्यांची, बंडलं मागवली होती. आम्ही १२ तारीख दिली होती. १८ तारीख उजाडली तरी माल आमच्याच गोदामात पडून. साहेबांनी हा मजकूर पाठवायला दिला:

"आदरणीय ग्राहक, अपरिहार्य कारणांमुळे आपल्या ऑर्डरला विलंब झाला आहे. सध्या सीझन असल्याने वाहतूकदारांकडे गाड्यांची टंचाई आहे, तरीही आमची टीम शर्थीचे प्रयत्न करत आहे. आपल्याला काही गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. माल लवकरात लवकर पाठवण्यात येईल. आपले सहकार्य अपेक्षित आहे."

मी तो पाठवला नाही. गाड्यांची टंचाई नव्हती. माल १० तारखेलाच तयार होता. तेवढ्या मालाने गाडी भरत नव्हती, म्हणून नांदेड-हिंगोलीकडच्या आणखी ऑर्डरी जमेपर्यंत आम्हीच तो थांबवून ठेवला होता. भाडं वाचावं म्हणून. हे डीलरलाही कळणारच होतं, कारण त्या भागातले ट्रान्सपोर्टवाले त्याच्या रोजच्या ओळखीचे. तुम्ही वाक्यं कितीही मऊ करा, कारण खोटं असेल तर ईमेल बहाण्यासारखाच वाटणार. म्हणून शब्दांना हात लावण्याआधी गोदामात जाऊन विचारा की माल नेमका कुठे आणि कोणाच्या निर्णयाने अडला.

दुसरी गोष्ट, "काही गैरसोय झाली असल्यास". झाली असल्यास म्हणजे काय? त्या डीलरने फोनवर मला स्वच्छ सांगितलं होतं की त्याच्या शेतकऱ्यांकडे टिश्यूकल्चरची रोपं येऊन पडली आहेत. केळीची रोपं महिनोन्‌महिने आधी बुक करावी लागतात आणि नर्सरी ठरलेल्या तारखेला गाडी उतरवून जाते. लॅटरल अंथरल्याशिवाय लागवड करता येत नाही. तोवर रोपं पिशवीतच राहतात, मुळं पिशवीच्या तळाशी गोल फिरायला लागतात, रोज झारीने पाणी घालायला माणूस ठेवावा लागतो. शेतकरी दुकानात येऊन डीलरला बोलतो, आपल्याला नाही. हे सगळं ऐकून घेतल्यावर त्यालाच "झाली असल्यास" लिहायचं, म्हणजे त्याचं बोलणं आपण ऐकलंच नाही असं सांगण्यासारखं आहे. त्याने सांगितलेलं नुकसान त्याच्याच शब्दांत परत लिहा. माझ्या मते माफीच्या ईमेलमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच.

शेवटी गेलेला ईमेल असा होता. विषयाच्या ओळीत "तुमची लॅटरलची ऑर्डर: उशीर आमच्याकडून, माल उद्या संध्याकाळपर्यंत" एवढंच लिहिलं.

"भाऊ, नमस्कार. १२ जूनला देतो म्हटलेला तुमचा माल आज १८ तारखेलाही आमच्या गोदामात आहे. तो १० तारखेला तयार होता. त्या मार्गाच्या आणखी ऑर्डरी जमून गाडी भरावी म्हणून आम्ही तो थांबवला आणि तुम्हाला कळवलंही नाही. तुमच्या शेतकऱ्यांची रोपं पिशव्यांत पडून आहेत, लागवड अडली आहे आणि त्यांचं बोलणं तुम्हाला ऐकावं लागतंय. याबद्दल आम्ही माफी मागतो. आज संध्याकाळी फक्त तुमचा माल घेऊन वेगळी गाडी निघेल, जादा भाडं आमच्याकडे. बिल्टीचा फोटो आणि ड्रायव्हरचा नंबर रात्री आठच्या आत पाठवते. माल उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल. काही अडलं तर थेट मला फोन करा."

खाली माझं नाव आणि मोबाइल नंबर. "ग्राहक सेवा विभाग" नाही.

बदल तसे थोडेच आहेत. पहिल्या वाक्यात चुकलेली तारीख आली. कारण दोनच वाक्यांत संपलं आणि त्यात "आम्ही थांबवला" आहे, "विलंब झाला" नाही. माफी एकदाच मागितली, तीही काय झालं ते सांगून झाल्यावर. माफीच्या मागे "पण", "तरीही", "सीझन" असलं काहीही ठेवलं नाही. आमची टीम किती राबतेय हेही काढलं, कारण ज्याचा माल अडलाय त्याला आपल्या कष्टांशी देणंघेणं नसतं. तुमच्या ईमेलमध्ये माफीनंतरच्या वाक्यात "पण" आहे का बघा. असेल तर ते वाक्य अख्खं उडवा, नुसता शब्द नको.

"लवकरात लवकर"च्या जागी वेळ घालताना मात्र सांभाळा. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला होता, सकाळी दहाला पोचतो. मी संध्याकाळ लिहिली. वाटेत टायर फुटतो, उतरवायला हमाल वेळेवर मिळत नाहीत. पहिली तारीख चुकलेली माणूस एकवेळ पोटात घालतो, माफीच्या ईमेलमधली चुकली तर पुढचं काहीच खरं मानत नाही. म्हणून आधी गाडी पक्की करा, मग ईमेल लिहा. आमच्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं, आधी ईमेल जातो आणि मग गाडी शोधतात.

साहेबांचं म्हणणं होतं, "कबूल केलंस की तो डोक्यावर बसेल, बिलातून पैसे कापेल." डीलरचं उत्तर एका ओळीचं आलं: "बिल्टी पाठवा." आणि हो, त्याने पुढच्या पेमेंटमधून झारीवाल्या माणसाच्या मजुरीपोटी थोडी रक्कम कापली. साहेब आजही तेवढंच सांगतात. मी म्हणते, ती रक्कम आपण त्याला देणं लागतच होतो, आणि गोलगोल ईमेल पाठवला असता तरी त्याने ती कापलीच असती. ऑर्डरी त्याच्या अजून येतात. साहेब म्हणतात रेटमुळे. तेव्हा आमच्याइतकाच रेट देणारे दुसरेही होते, हे साहेबांना माहीत आहे.

एक गोष्ट मात्र साहेबांचीही बरोबर आहे. करारात उशिराबद्दल दंडाचं कलम असेल, किंवा ग्राहक भरपाईची नोटीस देण्याच्या तयारीत असेल, तर पाठवण्याआधी वकिलाला दाखवा. लेखी कबुली पुढे पुरावा म्हणून समोर येऊ शकते. तेव्हाही काय घडलं ते खरंच लिहा, फक्त "तुमचं सगळं नुकसान भरून देऊ" असलं वाक्य कोणाला न विचारता लिहू नका.

कूपनचं म्हणाल तर या ईमेलमध्ये नको. कूपन म्हणजे पुन्हा आमच्याकडूनच घ्या असं सांगणं, आणि अजून पहिलाच माल त्याच्या हातात नाही. द्यायचंच असेल तर या बिलातलं भाडं सोडा.