ग्रुप चॅटच्या स्क्रीनशॉटवरून तक्ता: ‘चालेल’ नेमकं कशाला म्हटलं होतं?

प्रश्न: इंटिरियरवाल्यासोबतचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात मी, नवरा, तो आणि त्याचा सुपरवायझर. फोन बदलताना माझ्याकडची चॅट गेली, चाळीसेक स्क्रीनशॉट उरलेत. काही माझे, काही नवऱ्याने काढलेले. ग्राहक आयोगात द्यायला तारीख-वेळ, कोण बोललं, काय बोललं असा तक्ता हवाय. गूगल लेन्सने मजकूर कॉपी केला तर कोणी कुणाला उत्तर दिलंय ते सगळं मिसळतंय. कसं करू?

उत्तर:

आधी एक गोष्ट बघून घ्या. नवरा त्या ग्रुपमध्ये होता ना? मग त्याच्या फोनवर चॅट असणार. ग्रुप उघडून ‘एक्सपोर्ट चॅट’ करा, मीडियाशिवाय. वेळ आणि नावांसकट टेक्स्ट फाइल मिळेल आणि निम्मं टायपिंग वाचेल. पण खूश होऊन स्क्रीनशॉट डिलीट करू नका. त्या फाइलमध्ये कोणता मेसेज कशाला उत्तर म्हणून टाकला होता ते येत नाही. मेसेजच्या वर जी कोटाची चौकट दिसते, ती एक्सपोर्टमध्ये गायब असते. म्हणजे क्रम आणि वेळ फाइलमधून घ्यायची, उत्तराचा धागा स्क्रीनशॉटमधून.

हा धागा का महत्त्वाचा, ते माझ्यावर गुदरलंय म्हणून सांगतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वॉटरप्रूफिंगच्या खर्चावरून वाद झाला होता. प्रकरण एका सरकारी कार्यालयात गेलं. तिथे खिडकीवरच्या साहेबांनी स्क्रीनशॉट हातातसुद्धा घेतले नाहीत. ‘हे असं नाही चालत, प्रश्नाखाली उत्तर असं नीट टाइप करून आणा,’ म्हणाले. कोणत्या नियमात लिहिलंय विचारलं तर ‘बाहेर टायपिंगवाले आहेत, त्यांना माहितीये.’ त्यांना खरंच माहीत होतं. समोरच्या पार्टीने त्यांच्याकडूनच तक्ता करून घेतला आणि तो आधी फाइलला लागला. त्यात प्रत्येक उत्तर उचलून टायपिस्टला जो प्रश्न योग्य वाटला त्याच्याखाली नेऊन ठेवलेलं. दिसायला सुरेख. फक्त माझं ‘चालेल’ टाकी सफाईला होतं, ते कोटेशनखाली जाऊन बसलं, आणि मी खर्चाला संमती दिली असं कागदावर झालं. मूळ स्क्रीनशॉट दाखवतो म्हटलं तर ‘आता पुढच्या तारखेला’. ती पुढची तारीख येईपर्यंत काम सुरू होऊन वर्गणीची नोटीस दारात आली होती. असो. त्या खिडकीबद्दल लिहायला बसलो तर उत्तर इथेच संपेल.

तर माझं ठाम मत: मेसेज जागचा हलवायचा नाही. पडद्यावर वरून खाली जसा दिसतो तसाच अनुक्रमांक द्यायचा, आणि उत्तर कशाला दिलंय ते वेगळ्या रकान्यात त्या मेसेजचा क्रमांक लिहून दाखवायचं. माझ्याच स्क्रीनशॉटचा तक्ता मी पुढे असा केला (मजकूर थोडा छाटलाय, नावांऐवजी पदं लिहिलीत):

```
क्र | वेळ         | कोण      | मजकूर                          | उत्तर कशाला
1  | 14/06 21:41 | सेक्रेटरी | टेरेसचं कोटेशन आलं, 2 लाख 80 हजार | -
2  | 14/06 21:41 | सेक्रेटरी | रविवारी टाकी सफाई, पाणी 9 ते 1 बंद | -
3  | 14/06 21:43 | खजिनदार  | एकच कोटेशन आहे का?              | -
4  | 14/06 21:44 | मी       | चालेल                           | 2
5  | 14/06 21:44 | चेअरमन   | अजून दोन मागवा                  | 1
6  | 14/06 21:47 | सेक्रेटरी | मग सांगतो त्यांना                | -
```

यात सहाव्या ओळीकडे बघा. सेक्रेटरी कुणाला काय सांगणार होते? टाकीवाल्याला की वॉटरप्रूफिंगवाल्याला? वर कोट नाही, म्हणून शेवटचा रकाना रिकामा. तिसऱ्या ओळीचंही तेच. प्रश्न उघडच कोटेशनचा आहे, पण त्याने रिप्लाय करून विचारलेला नाही, त्यामुळे तिथेही ‘1’ लिहायचा नाही. तुमचा अंदाज कितीही बरोबर असला तरी या रकान्यात फक्त पडद्यावर दिसणारा कोट जातो. अर्थ लावायचा असेल तर अर्जात वेगळ्या परिच्छेदात लावा.

आता लेन्सने का घोळ होतो ते. कोटाच्या चौकटीत नाव असतं आणि मजकूर असतो, त्यामुळे मजकूर उचलणाऱ्या कुठल्याही ॲपला तो आणखी एक मेसेज वाटतो. वरच्या चौथ्या मेसेजचं लेन्सने ‘सेक्रेटरी / रविवारी टाकी सफाई / चालेल’ असं केलं, म्हणजे ‘चालेल’ सेक्रेटरीच म्हणाले! ओळखायची खूण सोपी आहे. कोटाला स्वतःची वेळ नसते. प्रत्येक खऱ्या मेसेजच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एकच वेळ असते. म्हणून एका स्क्रीनशॉटवर जितक्या वेळा छापलेल्या दिसतात, तितक्याच ओळी तक्त्यात यायला हव्यात. ओळी जास्त झाल्या तर कोट मेसेज म्हणून घुसलाय, कमी झाल्या तर दोन मेसेज चिकटलेत. मोजताना पडद्याच्या अगदी वरचं फोनचं घड्याळ धरू नका, आणि व्हॉइस मेसेजचा कालावधीही वेळ म्हणून धरू नका, 0:34 असं लिहिलेलं फसवतं. ‘अमुक ग्रुपमध्ये सामील झाले’ अशा मधल्या पट्ट्यांना वेळ नसते, त्या मोजणीत नाहीत.

कोटातला मजकूर बहुधा अर्धवट कापलेला असतो. त्यातले पहिले चार-पाच शब्द घेऊन वरच्या ओळींत शोधायचे आणि क्रमांक लिहायचा. मूळ मेसेज कुठल्याच स्क्रीनशॉटमध्ये नसेल तर क्रमांकाऐवजी ‘चित्रात नाही’ लिहून कोटातले शब्द जसेच्या तसे द्या. आणि कोट ‘ओके’सारखा असेल, वर तीन ठिकाणी ओके असेल, तर तिन्ही क्रमांक प्रश्नचिन्हासह. एक बारीक पण कामाची गोष्ट: मूळ मेसेज नंतर पुसला तरी उत्तरातल्या कोटात त्याचे शब्द राहतात. इंटिरियरवाल्याने काही पुसलं असेल तर तिथे सापडेल. मात्र पुसलेल्या मेसेजच्या ओळीत ते शब्द भरू नका, तिथे ‘मेसेज पुसलेला’ एवढंच. शब्द उत्तराच्या ओळीत राहू देत.

तुमच्या केसमध्ये खरा धोका दुसराच दिसतोय: दोन फोनचे स्क्रीनशॉट. तुमच्या चित्रात उजवीकडचे हिरवे मेसेज तुमचे, नवऱ्याच्या चित्रात उजवीकडचे त्याचे. कोटावर ‘तुम्ही’ किंवा You दिसतं तेही तसंच बदलतं. नावंसुद्धा ज्याने जशी सेव्ह केली तशी दिसतात, तुमच्याकडे ‘इंटिरियर दादा’ आणि त्याच्याकडे नुसता नंबर असेल. म्हणून टायपिंगच्या आधी चित्रांचे दोन ढीग करा, म1, म2 आणि न1, न2 अशी नावं द्या, आणि कोणत्या ढिगात कोण कोणत्या नावाने दिसतो ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. तक्त्यात शेवटी एक रकाना वाढवून प्रत्येक ओळ कोणत्या चित्रातून आली ते लिहा. समोरच्याच्या वकिलाने एका ओळीवर बोट ठेवलं की चित्र काढून दाखवता आलं पाहिजे.

ग्रुपमध्ये एकाच माणसाने लागोपाठ मेसेज टाकले की नाव फक्त पहिल्यावर येतं. त्यामुळे स्क्रीनशॉटच्या अगदी वरचा डावीकडचा मेसेज बिननावाचा असेल तर मागच्या चित्राशी जोड सापडेपर्यंत ‘कोण’ हा रकाना मोकळा ठेवा. दोन चित्रांत निदान एक-दोन मेसेज सामाईक असले तरच ती सलग आहेत असं म्हणायचं. नसतील तर मध्ये ‘येथे खंड’ अशी ओळ टाका. लपवण्यापेक्षा ते बरं, कारण समोरच्याकडे पूर्ण चॅट असू शकते.

एक्सेलमध्ये वेळेवर सॉर्ट करायचा मोह होईल. करू नका. व्हॉट्सॲप पडद्यावर सेकंद दाखवत नाही, त्यामुळे 21:44 चे दोन मेसेज कोणता आधी हे वेळेवरून कळतच नाही. तारीख न लिहिता सॉर्ट केलंत तर रात्री 12:05 चं उत्तर 11:50 च्या प्रश्नाच्या आधी जातं. सॉर्ट करायचंच तर अनुक्रमांकावर.

तारखेचं म्हणाल तर ‘आज’, ‘काल’ किंवा वार लिहिलेली पट्टी स्क्रीनशॉट काढला त्या दिवसापासून मोजायची. तो दिवस बऱ्याच अँड्रॉइड फोनवर फाइलच्या नावातच असतो, `Screenshot_20240614-215230.png` असा. पण नवऱ्याने ते तुम्हाला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले असतील तर नाव `IMG-20240620-WA0007.jpg` झालं असेल, आणि ही तारीख पाठवल्याची आहे, काढल्याची नाही. त्याच्याकडून मूळ फाइल्स ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवा. अक्षरंही स्पष्ट येतील.

चाळीस चित्रं असतील तर मी हाताने टाइप करा म्हणेन. कंटाळा येतो, पण रोमन मराठी आणि देवनागरी मिसळलेल्या चॅटमध्ये मशीनने काढलेला मजकूर तपासण्यात तितकाच वेळ जातो. शंभर-दोनशे असती तर टेसेरॅक्ट हे चित्रातला मजकूर काढणारं सॉफ्टवेअर वापरलं असतं, तेही जागेच्या आकड्यांसह:

```
tesseract m1.png m1 -l mar+eng --psm 11 tsv
```

यातून येणाऱ्या फाइलमध्ये प्रत्येक शब्दापुढे `left` आणि `top` असतात, त्यावरून शब्द डावीकडच्या मेसेजचा की उजवीकडच्या, ते ताडता येतं. लेन्समधून कॉपी करताना नेमकं हेच हरवतं. डार्क मोडचं चित्र असेल तर आधी रंग उलटे करून घ्या.

मी वकील नाही, तेव्हा पुढचं तुमच्या वकिलांना विचारून घ्या. 1 जुलै 2024 पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, आणि पूर्वी कलम 65ब चं म्हणायचे ते इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आता कलम 63 खाली येतं. तुमच्या अर्जाला ते कसं लावायचं ते वकीलच सांगतील. तक्ता हा वाचायच्या सोयीसाठी, पुरावा म्हणजे मूळ चॅट आणि चित्रं, एवढं माझ्या वकिलांनी मला बजावलं होतं. नवऱ्याचा तो फोन तोवर विकू नका आणि रिसेटही मारू नका.

आणि खिडकीवर कोणी ‘प्रश्नाखाली उत्तर’ मागितलंच, तर तसा कागद वेगळा द्या, प्रत्येक ओळीपुढे मूळ अनुक्रमांक ठेवून. वरच्या उदाहरणात तो 1, 5, 2, 4 असा वाचला जाईल, आणि ओळी हलवल्यात हे कुणालाही लगेच दिसेल. 3 आणि 6 ला त्या कागदात जागा नाही, ते खाली ‘कोट नसलेले’ म्हणून द्यायचे.